आजोबा थोरले की पाचवे? फेरफारात फक्त जगलेली मुलं आहेत

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. घरात एक वाद पेटलाय आणि तो मिटवायला कागद कमी पडतायत.

माझ्या चुलतभावाने वंशवृक्ष छापून फ्रेम करायचं काम घेतलंय. त्यात त्याने माझ्या आजोबांना, धोंडिबांना, रामजी पणजोबांचा थोरला मुलगा दाखवलंय. त्याच्याकडे पुरावा आहे: पणजोबा गेल्यावर 1937 साली झालेला वारसाचा फेरफार. गाव पुरंदर तालुक्यातलं. त्यात तीन नावं आहेत. धोंडिबा रामजी ए.कु.मॅ., मग बाबूराव, मग शंकर अ.पा.क. आई सखूबाई.

पण माझी आत्या, म्हणजे धोंडिबांची मुलगी, वय 86, ठामपणे सांगते की "आप्पा पाचवे. चौघांच्या पाठीवरचे." ते चौघे कोण, हे तिला माहीत नाही. एक काशीआत्या होती आणि ती आप्पांपेक्षा मोठी होती, एवढंच तिला आठवतं. काशीआत्याचंही नाव फेरफारात नाही.

माझ्याकडे आजोबांचा शाळेचा उतारा आहे, जन्मतारीख 1-6-1911. बाकी ट्रंकेतले कागद 1961 च्या पानशेतच्या पुरात गेले, आमचं बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत नदीच्या अंगाला होतं.

जी मुलं लहानपणीच गेली, ती कुठे शोधायची? आणि आजोबा नक्की कितवे?

शनवारातला

सोपं आहे. कुळवृत्तांत बघा. आमच्या घराण्याच्या कुळवृत्तांतात प्रत्येकाची मुलं क्रमाने दिली आहेत, जन्मशकासकट. नसेल तर पेशवे दफ्तरात जा, पुण्यातच आहे, तिथे गावाचे सगळे कागद मिळतात.

हडपसरी

कुणबी नोंदीसाठी शोधताय का? हल्ली जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर स्कॅन केलेल्या नोंदी टाकल्यात. गाव निवडा आणि पणजोबांचं नाव शोधा. आमचा दाखला तसाच निघाला.

पर्वतीपायथा

@हडपसरी, दाखला नको आहे हो, फक्त भावंडं हवी आहेत. पण बघतो.
@शनवारातला, आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत कोणी छापलेला नाही.

रुमालसोडे

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. दप्तराचे रुमाल सोडण्यात बरीच वर्षं गेली. जरा सविस्तर लिहितो.

आधी फेरफाराचं. तुमचे चुलतभाऊ तो चुकीचा वाचतायत. तो मुलांची यादी सांगत नाही, पणजोबा वारले त्या दिवशी जमिनीवर हक्क सांगू शकणारे कोण होते एवढंच सांगतो. तान्हेपणी गेलेलं मूल त्यात येण्याचा प्रश्नच नाही. एखादा मुलगा मोठा होऊन, बायकोपोरं मागे ठेवून बापाच्या आधी गेला असता, तर त्याची पोरं त्याच्या जागी आली असती. ती नाहीत, म्हणजे असा कोणी नव्हता, इतपत धरायला हरकत नाही. काशीबाई नाहीत कारण सन 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलगे असताना मुलीला वारस धरत नसत. ती 1937 साली गावातच नांदत असती तरी तिचं नाव लागलं नसतं.

"ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हयात भावांतला मोठा तो मॅनेजर. म्हणजे धोंडिबा जगलेल्यांत थोरले, हे सिद्ध झालं. जन्मलेल्यांत थोरले हे नाही. "अ.पा.क. आई" म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती आई, यावरून शंकर तेव्हा अज्ञान होते, म्हणजे अठराच्या आत. तेव्हा शंकरांचा जन्म 1919 नंतरचा. हा एक खुंटा पक्का झाला.

आता शोधायचं कुठे. पेशवे दफ्तरात नाही, ते दप्तर मुख्यतः त्याआधीच्या काळाचं आहे. तुम्हाला हवी आहे गावाची जन्ममृत्यूची वही, गाव नमुना 14, लोक जिला कोतवाल बुक म्हणतात. ती तालुक्याच्या तहसील कचेरीत अभिलेख कक्षात असते. त्या काळची बहुतेक मोडीत.

आणि इथे सगळे फसतात तो मुद्दा. अर्जात "धोंडिबा रामजी यांच्या जन्माची नक्कल मिळावी" असं लिहू नका. उत्तर येईल, "आढळ होत नाही." कारण जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतंच. तारीख, बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी, एवढंच. कोतवाल नोंद करून जायचा तेव्हा बारसं झालेलं नसायचं. म्हणून अर्ज पाहणीसाठी करा: गावाचं नाव, 1895 ते 1925, जन्म आणि मृत्यू दोन्ही. बापाच्या नावाने पान न् पान चाळा. मृत्यूचा भाग विसरू नका, तुमचा अर्धा शोध तिथेच आहे.

स्कॅन केलेल्या पानांबद्दल: तिथे मुख्यतः कुणबी असा उल्लेख असलेली पानं आहेत. तिथे नाव दिसलं नाही म्हणून मूल नव्हतं असं ठरत नाही.

सुमेधा_क

आमच्याकडे उलटं झालं, भाऊ कमी होण्याऐवजी वाढला! सदाशिव पेठेतल्या वाड्यात आजोबांच्या बरोबर आणखी एकाची पत्रिका सापडली. आजोबा वसंत, तर दुसरी कोणा चूडामणीची. सगळ्यांनी ठरवलं, चूडामणी नावाचा भाऊ होता, लहानपणी गेला. काकूंनी तर डोळ्याला पदर लावला. मग एका दुपारी मी दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या. शके तेच, तिथी तीच, घटिका तीच. अश्विनीचं पहिलं चरण, म्हणजे "चू" अक्षर. चूडामणी हे वसंताचंच राशीचं नाव. जुळं नव्हतंच.

रुमालसोडे

सुमेधाताई, उत्तम उदाहरण. नाव वेगळं म्हणून माणूस वेगळा नाही. याची उलट बाजूही आहे: एक मूल गेलं की पुढच्याला तेच आजोबांचं नाव पुन्हा ठेवायचे. मग दोन मुलं एकच वाटतात.

शनवारातला

पण कुळवृत्तांतात असा घोळ होत नाही.

रुमालसोडे

होतो. कुळवृत्तांत बहुतेक घराघरांत पत्रकं पाठवून, जो कर्ता असेल त्याने भरलेल्या माहितीवर बनले. 1940 साली पत्रक भरणाऱ्याला 1890 साली आजीचं सहा महिन्यांचं मूल गेलेलं कुठून ठाऊक असणार? "अल्पवयात वारला" असे उल्लेख असतात, ते असले की सोनं समजा. नसले तर त्याचा अर्थ काहीच नाही.

सुईणीची नात

दोन गोष्टी, आजीकडून ऐकलेल्या आणि नंतर नर्सिंगमध्ये शिकलेल्या.

पहिली: मूल अंगावर पीत असेल तोवर पुढचं लवकर राहत नाही. म्हणून जुन्या बायकांची बाळंतपणं साधारण अडीच-तीन वर्षांनी. तान्हं मूल गेलं तर पुढचं लवकर, वर्ष-दीड वर्षातच. तुमच्या फेरफारातल्या तिघांच्या वयांत पाच-सहा वर्षांची फट असेल तर तिथे एखादं मूल हरवलेलं असू शकतं. असेलच असं नाही, नवरा मुंबईला गिरणीत असायचा, आजारपण असायचं. पण कुठे बघायचं ते कळतं.

दुसरी जास्त महत्त्वाची: पहिलं बाळंतपण माहेरी! पहिलं मूल तुमच्या गावच्या वहीत सापडणारच नाही. सखूबाईंचं माहेर कुठलं?

पर्वतीपायथा

हे डोक्यातच आलं नव्हतं. माहेर भोर तालुक्यात होतं असं आत्या सांगते.

चिंतातुर जंतू

माझा मेहुणा न्यू जर्सीला आहे, त्याने सांगितलं की अमेरिकेत 1900 आणि 1910 च्या जनगणनेत बाईला सरळ विचारायचे: किती मुलं झाली, किती जिवंत. आपल्याकडेही ब्रिटिशांनी जनगणना केली की. ती बघा ना.

रुमालसोडे

आपल्याकडे घरनिहाय पत्रकं बघायला मिळत नाहीत. छापील तक्ते मिळतात, त्यात तालुक्याचा आकडा असतो, तुमच्या घराचा नाही. आणि 1948 च्या कायद्याप्रमाणे जनगणनेच्या नोंदी कोणाला पाहायला मिळत नाहीत, कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाहीत. हा दरवाजा बंद समजा.

पर्वतीपायथा (सात आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला रुमाल सापडला नाही, दुसऱ्या खेपेला सापडवणारे रजेवर. तिसऱ्या खेपेला भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलेला एक मित्र बरोबर नेला, आणि दिवसभर बसलो. पानांच्या कडा बिस्किटासारख्या तुटतात.

गावात रामजी दोन होते, आडनाव एकच. पण वहीत "रामजी बिन कोंडाजी" आणि "रामजी बिन येसाजी" असं स्वच्छ आहे. आमचे कोंडाजींचे. त्यांच्या नावावर हे जन्म मिळाले:

1902 मुलगी
1904 मुलगा
1907 मुलगा
1910 मुलगा (सप्टेंबर)
1913 मुलगी
1916 मुलगा
1921 मुलगा

आणि "रामजी बिन कोंडाजी याचा" किंवा "याची" असे मृत्यू:

1905 मुलगा, वय 1
1909 मुलगा, वय 2
1918 ऑक्टोबर, मुलगी, वय 5, ताप
1920 मुलगा, वय दीड

म्हणजे आजोबा 1910 चे, चौथे अपत्य, तिसरा मुलगा. बरोबर ना? शाळेतली तारीख मग चुकीची का?

हडपसरी

1 जून म्हणजे मास्तरांनी घातलेली तारीख. आमच्या घरात पाच जणांचा वाढदिवस 1 जूनला असतो, केक एकच आणतो.

रुमालसोडे

छान काम केलंत. आता सावकाश जुळवू. वहीत नावं नाहीत, तेव्हा 1910 चा मुलगा म्हणजे धोंडिबा हे तुम्ही वजाबाकीने म्हणताय. वजाबाकी तेव्हाच खरी जेव्हा दोन्ही बाजू पुऱ्या असतील.

एकेक मृत्यू घ्या आणि त्याचा जन्म शोधा. 1905 ला वय 1, तो 1904 चा. 1909 ला वय 2, तो 1907 चा. 1918 ला वय 5, ती 1913 ची. तो महिना बघा, ऑक्टोबर 1918, इन्फ्लुएंझाची साथ. त्या महिन्याची पानं गच्च भरलेली असतील.

पर्वतीपायथा

हो! एरवी गावात महिन्याला चार-पाच मृत्यू. त्या महिन्यात चार पानं सलग, सगळीकडे ताप, ताप. अक्षरही बदललंय मध्येच, बहुतेक लिहिणाराच गेला किंवा पडला.

रुमालसोडे

आता 1920 चा. वय दीड, म्हणजे जन्म 1918 च्या शेवटी किंवा 1919 च्या सुरुवातीला. तुमच्या जन्माच्या यादीत असा मुलगा नाही. मृत्यू आहे पण जन्म नाही, म्हणजे जन्माची वही गळकी आहे. कारण दिसतंच आहे, त्या दिवसांत जन्म लिहून घ्यायला कोण मोकळं होतं? तान्ह्या मुलांची वयं कोतवाल अंदाजाने सांगायचा, तरी 1921 चा मुलगा 1920 साली मरू शकत नाही आणि 1916 च्याला दीड वर्षाचा कोणी म्हणणार नाही. तेव्हा आठवं मूल होतं.

1921 चे शंकर. 1937 ला वय 16, अज्ञान. फेरफाराशी जुळलं. 1916 चे बाबूराव, 21 वर्षांचे, सज्ञान, म्हणून त्यांच्या नावापुढे अ.पा.क. नाही. तेही जुळलं. उरले 1902 आणि 1910. मुलगी काशी, मुलगा धोंडिबा. शाळेतल्या तारखेपासून नऊच महिने दूर, चालेल.

पण तोच गळकेपणा 1902 च्या आधीही असू शकतो, नाही का? पुणे जिल्ह्यात 1897 पासून प्लेग. लोक गाव सोडून शेतात खोपटी घालून राहत. तुमच्या वहीची 1897 ते 1903 ची पानं कशी आहेत?

पर्वतीपायथा

1899 ते 1901 मध्ये जन्म फार कमी दिसले. एका वर्षाची पानंच नव्हती.

सुईणीची नात

आणि काशी पहिली असेल तर ती माहेरी, भोरकडे नोंदली जायला हवी होती. ती तुमच्या गावच्या वहीत आहे! मला यावरून वाटतं काशी पहिली नव्हे. पहिलं मूल माहेरी झालं आणि गेलं, दुसरं काशी. आत्याबाई बरोबर आहेत: पाचवे.

शनवारातला

हा पुरावा नाही, रीत आहे. आमच्या आजीचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं, माहेरी प्लेग होता म्हणून. इथेही तेच झालं असेल.

रुमालसोडे

शनवारातले, यावेळी तुमचं म्हणणं वजनदार आहे. सखूबाई कधी वारल्या, काही नोंद?

पर्वतीपायथा

1951, वय 65 लिहिलंय.

रुमालसोडे

म्हणजे जन्म 1886 च्या आसपास, 1902 ला सोळा वर्षांच्या. पहिलं मूल सोळाव्या वर्षी, अगदी बसतं. 1900 ला आणखी एक धरायचं तर चौदाव्या वर्षी. अशक्य नाही, पण ताणावं लागतं. अर्थात म्हाताऱ्या माणसाचं मृत्यूचं वय म्हणजे गोल आकडा, 65 म्हणजे 60 ते 70 काहीही. यावरून मी आत्याबाईंना खोटं पाडणार नाही.

आणखी एक शंका तुम्ही विचारली नाहीत, मी विचारतो. सगळी मुलं सखूबाईंचीच कशावरून? वहीत आईचं नाव नाही. पहिली बायको 1902 च्या आधी वारली असेल, तर आत्याबाईंच्या हिशेबातलं ते जास्तीचं मूल सावत्र भावंडही असू शकतं. रामजींच्या नावाने 1895 ते 1905 मध्ये "बायको" असा मृत्यू दिसला का?

पर्वतीपायथा

तो बघितलाच नाही. फक्त मुलं शोधत होतो. चौथी खेप.

सुमेधा_क

धोंडिबा हे नाव पण बघा ना! मुलं जगत नसली की दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावं ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून. दोन मुलगे पाठोपाठ गेले, मग तिसरा धोंडिबा. मला तर काटा आला.

चिंतातुर जंतू

किंवा धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणून धोंडिबा. आमचे धोंडूमामा तसेच.

रुमालसोडे

ते पंचांगावरून तपासता येतं. अधिक महिना 1909 मध्ये होता आणि मग 1912 मध्ये. 1910 ला नाही. तेव्हा सुमेधाताईंचं पारडं जड. तरी नावावरून मुलांची संख्या ठरवू नका, धोंडिबा हे नाव नुसतं आजोबांचं म्हणूनही ठेवत. इथे वही आधी आहे, नाव फक्त तिच्या बाजूने बोलतंय.

पर्वतीपायथा, नाशिकला एक खेप करा. कोंडाजी कधी वारले?

पर्वतीपायथा

वहीत 1908.

रुमालसोडे

मग रामजी अस्थी घेऊन रामकुंडावर गेले असतील तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत लेख असेल. गाव, तालुका, आडनाव सांगा, ज्यांच्याकडे तुमच्या गावचं उपाध्येपण आहे ते वही काढतात. त्या लेखात बरोबर आलेल्यांची आणि घरातल्या पुरुषांची नावं असतात. तीही जिवंतांचीच यादी, पण त्या दिवसाच्या जिवंतांची. 1937 ची यादी 1909 साली गेलेल्या मुलाला ओळखत नाही, 1908 ची ओळखेल. दक्षिणा द्या, घासाघीस करू नका.

पर्वतीपायथा (तीन आठवड्यांनी)

नाशिकला जाऊन आलो. दोन उपाध्यांनी "आमच्याकडे नाही" म्हटलं, तिसऱ्यांनी पंचवटीतल्या घरात माळ्यावरून वही उतरवली. शके 1830, म्हणजे 1908 चा लेख. मजकूर असा: "रामजी बिन कोंडाजी, बंधू तुकाराम, पुत्र महादू." खाली रामजींच्या हाताची निशाणी, नांगर.

काशीचं नाव नाही. 1904 चा मुलगा नाही, तो गेलेला होता. आणि महादू म्हणजे 1907 चा, जो पुढच्या वर्षी गेला. दोन वर्षं जगला आणि 117 वर्षांनी त्याचं नाव कळलं.

कचेरीत चौथी खेपही झाली. "रामजीची बायको" असा मृत्यू 1895 ते 1905 मध्ये नाही, पण ती मधली पानं नाहीतच, त्यामुळे पुन्हा तेच. माहेरच्या गावची वही काढायला अर्ज दिला, लेखी उत्तर आलं की त्या वर्षांचा रुमाल जीर्ण आहे, हाताळता येणार नाही.

सुमेधा_क

महादू! आत्यांना सांगितलंत का?

पर्वतीपायथा

सांगितलं. म्हणाल्या, "महादू असेल बाबा, मला नाही माहीत. पण आप्पा पाचवेच."

चुलतभाऊ मानायला तयार झालाय. फ्रेमचं डिझाइन बदलतोय: काशी, मग एक मुलगा (नाव नाही, 1904 ते 1905), महादू, धोंडिबा, एक मुलगी (1913 ते 1918), बाबूराव, एक मुलगा (गेला 1920), शंकर. काशीच्या डावीकडे एक चौकट रिकामी ठेवायची की नाही यावर अजून भांडण चालू आहे. तो म्हणतो पुरावा नाही, मी म्हणतो आत्या आहे.

शनवारातला

ठेवू नका. उद्या कोणी त्यात नाव भरेल.

सुईणीची नात

ठेवा. पेन्सिलने.

हडपसरी

नाशिकच्या त्या उपाध्यांकडे हडपसरची गावं आहेत का हो? आणि मोडी वाचणारा मित्र किती घेतो?